तिन्हीसांजेची फाती

२०२०च्या एप्रिलात, करोनाच्या टाळेबंदीत, गोव्यातल्या कितीतरी घरांची संध्याकाळ साडेचारलाच सुरू होत असे. सूर्य बुडायला पावणेसात व्हायचे, पण मोगरा तेवढा थांबत नाही. आज फुलणारी कळी कुठली आणि उद्याची कुठली, हे साडेचार-पाचच्या उन्हात नीट कळतं. नंतर गॅलरीत सावली येते, सगळ्या कळ्या सारख्याच पांढऱ्या दिसू लागतात आणि हात चुकतो. म्हणून चहाचा कप बाजूला ठेवून, एका हातात वाटी घेऊन बाहेर यायचं. खाली रस्ता असे, नुसता रस्ता. पणजीचा अठरा जून मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरेत दिसायचा. कदंबच्या स्टँडवर बस नाही, मडगावच्या पिंपळकट्ट्यावर माणूस नाही. मांडवीत कॅसिनोंची जहाजं होती तिथेच होती, पण दिवे विझलेले, त्यामुळे नदीला पुष्कळ वर्षांनी तिचा स्वतःचा काळोख परत मिळाला होता. अशा रिकामपणात वरच्या मजल्यांवरून, बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या बाकांवरून, माणसं एक बारीकसं काम करत बसलेली दिसत. मान खाली, मांडीवर फुलं, बोटांत धागा. फाती, म्हणजे गाठींची फुलमाळ, बांधली जात होती.

हे काम पाडव्यापासून सुरू झालं, असं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी गुढीपाडवा, आपला संवसर पाडवो, २५ मार्चला आला आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. गुढीला माळ हवी, देवाला फुलं हवीत, आणि बाजारात काहीच नाही. पणजीच्या मार्केटात केळीच्या पानावर फात्या मांडून बसणाऱ्या बायका घरी, मंगेशी-म्हार्दोळची फुलांची दुकानं बंद, देवळांची दारंही बंद. झेंडू-शेवंती तर पुष्कळशी घाटावरून, बेळगावच्या बाजूने येते, तीही अडली. तेव्हा नजर वळली ती गॅलरीतल्या कुंडीकडे. वर्षभर नुसतं पाणी घातलेला मोगरा आणि कोपऱ्यात आपोआप रुजलेली अबोली, एवढ्यावर भागवायचं होतं. नशीब एवढंच की चैत्र-वैशाख हा मोगऱ्याचाच हंगाम. टाळेबंदी पावसाळ्याच्या अखेरीस आली असती तर वाटीत फारसं काही पडलं नसतं.

फाती म्हणजे सुईने ओवलेली माळ नव्हे. ओवलेल्या माळेत सुई फुलाच्या पोटातून जाते, फूल दुखावतं आणि भोकाभोवती दोन तासांत तपकिरी डाग पडतो. फाती गाठींची असते. धागा फक्त देठाला धरतो, पाकळीला शिवतही नाही. म्हणून बांधलेली कळी बांधल्यानंतर फुलते, आणि फातीचं सगळं सुख या एका गोष्टीत आहे. सहा वाजता बांधलेली कळ्यांची दोरी आठच्या सुमारास उमलू लागते, दहाला फुलांची झालेली असते.

यासाठी कळी नेमकी ओळखावी लागते. मोगऱ्याच्या फांदीच्या टोकाला बहुतेक वेळा तीन कळ्यांचा झुबका येतो. त्यातली मधली आधी पिकते, बाजूच्या दोन नंतर. घाईत पूर्ण झुबका खुडला की पुढच्या दोन-तीन दिवसांतली फुलं आपणच मारली. मधली कळी आज उमलणार असेल तर ती दुधासारखी पांढरी, टपोरी, टोकाशी गोल असते, आणि हिरव्या पुष्पकोशातून तिची नळी चांगली बाहेर आलेली असते. टोक निमुळतं असेल, बुडाशी हिरवट झाक असेल, तर ती उद्याची किंवा परवाची. अशी कच्ची कळी खुडली तर ती रात्री उमलत नाही, वास देत नाही, सकाळी तशीच मिटलेली, पिवळी पडून सापडते. पहिल्या आठवड्यात बऱ्याच घरांच्या फात्या अशा मुक्या राहिल्या. दोष धाग्याचा नव्हता, खुडण्याचा होता.

खुडताना नख लावायचं ते हिरव्या पुष्पकोशाच्या खाली, अर्धा सेंटिमीटर देठ सोबत येईल असं. नुसती पांढरी कळी ओढली तर कोश झाडावर राहतो आणि हातात उरते ती पोकळ नळी. तिला गाठ मारली की ती चिरडते. अबोलीचं उलट. तिला धरण्याजोगा देठच नाही, फूल हिरव्या कणसातून अलगद ओढायचं, लांब बारीक नळीसकट ते सुटून येतं. ही नळीच तिचा देठ. अबोलीला वास नाही, पण ती दुसऱ्या दिवशीही तजेलदार राहते. मोगरा रात्री संपतो, अबोली त्याची लाज राखते. दोघांना एकत्र बांधण्यामागे रंगापेक्षाही हा हिशेब आहे.

वाटीत पाणी घालायचं नाही. कळ्या ओल्या फडक्यावर पसरायच्या, वरून केळीचं किंवा हळदीचं पान. पाण्याचा थेंब पाकळीवर राहिला की तिथे डाग येतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि अर्ध्या तासात कळ्या पारदर्शक दिसायला लागतात. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बांधायचा मोह त्या दिवसांत अनेकांना झाला, कारण रोजची फुलं थोडी आणि साठवली तर एक मोठी फाती होईल असं वाटे. पण थंडीत मोगऱ्याची कळी अडून बसते, बाहेर काढल्यावर उमलायचीच विसरते. मोगरा त्याच दिवशीचा. या बाबतीत तडजोड नाही.

धाग्याचं तसंच. बाजारातल्या बायका केळीच्या सोपटाचा धागा वापरतात, आणि त्याला तोड नाही. घड उतरवलेल्या केळीची बाहेरची वाळलेली सोपटं काढायची, अर्धा तास पाण्यात भिजवायची आणि नखाने दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या फाडायच्या. ओली पट्टी कापडासारखी मऊ असते आणि चपटी असल्यामुळे देठाला दाबून धरते, कापत नाही. शिवणाचा पॉलिस्टर दोरा बारीक आणि निसरडा, जरा ओढला की देठ तुटतो आणि ढिला ठेवला की गाठ घसरते. फ्लॅटमध्ये केळ कुठून आणायची? तेव्हा जाडसर सुती दोरा दुहेरी घेऊन पाण्यात बुडवून काढला तरी चालून जातं. ओला सुती दोरा फुगतो आणि गाठ धरतो. मात्र पश्चिमेच्या गॅलरीत साडेपाचला समुद्राचा वारा जोरात असतो. दहा गाठी होईपर्यंत दोरा कोरडा पडतो, सोपट तर कडक होऊन कटकन तुटतं. म्हणून पाण्याची वाटी उजव्या हाताशी ठेवायची आणि दर पाच-सहा गाठींनी बोटं ओली करून धाग्यावरून फिरवायची.

आता एका कुंडीचा हिशेब मांडू, म्हणजे प्रमाण कळेल. बारा इंची कुंडीतला, चांगलं ऊन मिळणारा मोगरा हंगामाच्या भरात दिवसाला वीस-पंचवीस कळ्या देतो. समजा चोवीस मिळाल्या. बाजारातल्या भरगच्च फातीत एका गाठीत चार कळ्या असतात, दोन या तोंडाच्या, दोन त्या तोंडाच्या. तशा बांधल्या तर चोवीस कळ्यांच्या सहाच गाठी होतील, म्हणजे जेमतेम अंगठ्याएवढी फाती. त्यापेक्षा गाठीला दोनच कळ्या घ्यायच्या, एक डावीकडे तोंड करून, एक उजवीकडे. अशा बारा गाठी मोगऱ्याच्या. दर दोन गाठींच्या मध्ये एक गाठ अबोलीची, तिला तीन फुलं, कारण अबोली चपटी आणि हलकी. दोनच घेतली तर मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्यांमध्ये ती दिसतच नाही. शेवटची गाठही अबोलीची केली की अबोलीच्याही बारा गाठी, म्हणजे छत्तीस फुलं होतात. एकूण चोवीस गाठी, प्रत्येकीला पाऊण-एक सेंटिमीटर जागा. एक वीतभर फाती तयार होते. देवाच्या एका फोटोला पुरते, किंवा एका अंबाड्याला अर्धा वेढा. धागा मात्र फातीच्या पाचपट लागतो, वीतभर फातीला मीटरभर, कारण तो प्रत्येक गाठीत दोनदा फिरतो. कमी घेतला तर शेवटच्या चार गाठी राहतात आणि मध्येच जोड द्यावा लागतो, जो पुढे नेमका तिथेच सुटतो.

गाठ अशी. धाग्याच्या टोकाशी चार बोटं मोकळी सोडायची, बांधायला. पहिल्या दोन कळ्या देठावर देठ अशा आडव्या ठेवून डाव्या हाताच्या अंगठ्याने तर्जनीवर दाबायच्या. उजव्या हातातला लांब धागा देठांवरून एक फेरा घेऊन मागे न्यायचा. मग उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट धाग्याखाली घालून मनगट उलटं फिरवायचं, म्हणजे बोटांवर फास येतो. हा फास एका बाजूच्या कळीच्या डोक्यावरून आत सरकवून देठांवर आणायचा आणि ओढायचा. ओढताना डावा अंगठा सोडायचा नाही. पुढची जोडी पहिलीला अगदी खेटून ठेवायची आणि तोच क्रम पुन्हा. लिहायला एवढा लांब, हाताला सवय झाली की दोन-तीन सेकंदांचा.

सगळं कसब ओढण्यात आहे. जुन्या बायका नवशिक्या मुलीला एकच वाक्य सांगतात, “बाय, ओड, पूण तोडूं नाका.” देठ किती दाब सोसतो हे बोटांच्या टोकांना कळावं लागतं, आणि बोटं धीराने शिकतात. गाठ ढिली आहे की नाही ते पाहायची सोपी खूण आहे. पाच गाठी झाल्या की फाती टोकाला धरून उभी सोडायची आणि हलकेच झटकायची. एखादी कळी गळली तर तिच्या गाठीपासून पुढचं सगळं सैल आहे असं समजावं, तेवढं उलगडून पुन्हा बांधावं. एकट्या कळीला मध्ये खोचून भागवलं तर रात्री उमलताना फुलं एकमेकांना ढकलतात आणि ती पहिल्यांदा बाहेर पडते. दुसरी चूक म्हणजे जोड्यांत फट राहणं. कळ्या मिटलेल्या असताना फट दिसत नाही, फुलल्यावर धागा उघडा पडतो. आणि तिसरी, सगळ्या कळ्यांची तोंडं एकाच बाजूला येणं. मग फाती एका अंगावर कलते आणि केसांत माळली की उलटी फिरते. डावी-उजवी, डावी-उजवी, एवढं मनात म्हणत राहिलं तरी पुरे.

संध्याकाळच्या त्या तासाला फातीचा वास नेहमीपेक्षा दूर जातो आहे, असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. त्याला कारण आहे. मोगऱ्याचा सुगंध लिनालूल, बेन्झिल अ‍ॅसिटेट अशा हवेत उडणाऱ्या द्रव्यांचा बनतो, आणि फूल तो अंधार पडल्यावर भरभरून सोडतं, कारण त्याला रात्री हिंडणारे पतंग बोलवायचे असतात. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि त्यांच्यापासून उन्हात तयार होणारा ओझोन हे वासाचे रेणू वाटेतच मोडून टाकतात. धूर जेवढा जास्त, तेवढा वास कमी अंतर जातो. एरवी संध्याकाळी सात-आठ म्हणजे गाड्यांच्या गर्दीची वेळ आणि मोगऱ्याची उमलायची वेळ, दोन्ही एकच. त्या एप्रिलात पहिली गोष्ट नव्हती. शिवाय दिवस मावळताना समुद्राचा वारा पडतो आणि जमिनीवरचा सुटायच्या आधी हवा काही काळ थांबते. वास वर उडून न जाता गॅलरीच्या उंचीवर रेंगाळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कुंडीतला मोगरा समोरच्या इमारतीत कळायचा. ज्यांची नावं एकमेकांना ठाऊक नव्हती त्यांना एकमेकांच्या फुलांची वेळ ठाऊक झाली.

बांधून झालेली फाती जायची कुठे? पहिली देवाला, हे ठरलेलं. तीही सांजवातीच्या आधी, म्हणून सगळा खटाटोप साडेसहाच्या आत. उरलेला चार-सहा गाठींचा तुकडा केसांत. लग्नकार्य नाही, बाहेर जायचं नाही, कोणी यायचं नाही, तरी केसांत. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. नटणं दुसऱ्यासाठी असतं हे म्हणणं त्या दोन महिन्यांत पार खोटं ठरलं. काही इमारतींत फुलं जास्त असणाऱ्या घरातून तुकडा शेजारच्या दाराच्या कडीला अडकवला जायचा, बेल न वाजवता. वासानेच कळायचं.

एप्रिलच्या १९ तारखेला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले आणि राज्यात एकही रुग्ण उरला नाही. सीमा बंद, आत मोकळं, असे ते विचित्र सुखाचे दिवस. २६ एप्रिलला अक्षय तृतीया. मोगऱ्याचा भर त्याच सुमारास असतो आणि किडीचाही. कळी पांढरी होण्याऐवजी जांभळट होऊन गळायला लागली तर समजावं की आत कळी पोखरणारी अळी आहे. अशी कळी बोटांत दाबली तर पोकळ लागते, बारीक भोक असतं आणि कधी दोन-तीन कळ्या जाळीने चिकटलेल्या असतात. औषध आणायला दुकान उघडं नव्हतं, आणि देवाला, केसांना जाणाऱ्या फुलावर औषध मारूही नये. जांभळ्या कळ्या दिसतील तशा खुडून, कुंडीत न टाकता बाहेर नष्ट करणं आणि खाली पडलेल्या रोज उचलणं, एवढ्यानेही दोन आठवड्यांत फरक पडतो, कारण अळी पुढे मातीत आणि पालापाचोळ्यातच कोश करते. पानांच्या मागे बारीक लाल ठिपके आणि वरून पानं धुरकट दिसली तर तो कोळी ही बारीक कीड. त्याला कोरडी उष्ण हवा आवडते, पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा सकाळी मारला की तो आवरतो. संध्याकाळी मारू नये, कळ्या भिजतात.

उत्तरेच्या गॅलरीत मात्र यातलं काहीच घडलं नाही. तिथे मोगऱ्याला पानंच पानं आली. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर मोगरा फुलत नाही, आणि फुलत नाही म्हणून शेणखत वाढवलं की आणखी पानं येतात. अशा घरांनी अबोलीचीच फाती केली. अबोलीला अर्धी सावली चालते. नुसत्या अबोलीची फाती बांधायला सर्वांत कठीण, नळी बारीक आणि बुळबुळीत, गाठीला चार-पाच फुलं घ्यावी लागतात. पण ज्यांचा हात अबोलीवर बसला त्यांना पुढे कुठलंच फूल अवघड गेलं नाही.

३ जूनला निसर्ग वादळ कोकणच्या किनाऱ्याकडे गेलं, त्याच्या पावसाने गोव्यातल्या मोगऱ्याचा शेवटचा बहर झोडपला. पाठोपाठ पावसाळा आला आणि वाटीत मोगऱ्याच्या जागी जाई येऊ लागली. जाईची नळी लांब, देठ केसासारखा. तिला सोपटच हवं, दोरा चालत नाही, आणि गाठीला चारपेक्षा कमी कळ्या घेऊ नयेत. पावसाने भिजलेली कळी खुडली तर आधी सुती कापडावर पंधरा मिनिटं निथळू द्यावी लागते. ऑगस्टमध्ये म्हार्दोळला म्हालसेपुढे जायांची पूजा होते. घराघरांत हात तयार झालेले होते ते त्या वर्षी असे.

खरी कसोटी पुढे जानेवारीत होती. मोगरा नव्या फुटीवरच कळी धरतो. थंडी असताना आठ-दहा दिवस पाणी तोडून पानं थोडी झडू द्यायची, मग गुडघाभर उंची ठेवून छाटणी करायची, प्रत्येक फांदीवर डोळ्यांच्या तीन-चार जोड्या राहतील अशी. वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढायच्या, वरची दोन इंच माती बदलून कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी पुन्हा सुरू करायचं. महिना-दीड महिन्यात कळ्या दिसतात. तोवर दुकानं उघडली होती, मार्केटात फात्या परत आल्या होत्या, छाटणी करायची गरज कोणाला वाटावी असं काही नव्हतं. ज्यांनी केली त्यांची झाडं मार्चपासून लगडली, आधीच्या वर्षीपेक्षा दुपटीने. ९ मे २०२१ला राज्यात पुन्हा कर्फ्यू लागला. तो मे महिना फार वाईट होता, कितीतरी घरांत फुलं खुडायला कोणाचा हात उठला नाही. जिथे उठला तिथे चोवीस गाठींवर न थांबता पन्नास गाठींची, गाठीला चार कळ्यांची भरगच्च फाती झाली. त्यातली अर्धी शेजारच्या कडीला गेली, आणि या वेळी बेल वाजवून, आतून उत्तर येईपर्यंत थांबून दिली गेली.